भिंतीच्या माथ्यावरची फट

आपल्या घरातली गोष्ट बाहेर कोण नेतंय, याचा व्यंकटराव ओव्हरसियरांनी तीन महिने शोध घेतला आणि शेवटी संशय घरातल्याच एका माणसावर नेऊन टेकवला. घरात माणसं दोनच होती. त्यातले एक ते स्वतः. त्यामुळे तपास फार अवघड नव्हता.

परभणीच्या कचेरीमागं सरकारी क्वार्टरांच्या दोन लाईनी होत्या. एकेका लाईनीत सहा घरं, सहाही घरांवर एकच सलग पत्रा. लाईनी बांधल्या निजामाच्या अमलात. पुढं पोलीस ॲक्शन झालं, मग छप्पनच्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पेशकाराचे अव्वल कारकून झाले, दफ्तरातली उर्दू कपाटात गेली आणि मराठी टेबलावर आली. पत्रा तोच राहिला. नव्या राज्यानं त्याच्यावर नवा नंबर तेवढा रंगवला.

व्यंकटराव बांधकाम खात्यात होते आणि पहिल्या लाईनीतल्या शेवटच्या, म्हणजे सहाव्या घरात राहत होते. पाचव्यात अव्वल कारकून बन्सीधरराव आणि त्यांच्या पत्नी कस्तुराबाई. या बन्सीधररावांना व्यंकटरावांच्या घरातलं सगळं ठाऊक असे. साहेबाबद्दल व्यंकटराव रात्री जेवताना काय बोलले, ते सकाळी बन्सीधरराव नळावर हसत सांगत. मेहुण्याचं लग्न कुठं मोडलं, वरणात मीठ कुणी जास्त टाकलं, मुकादमाला व्यंकटरावांनी घरी मनातल्या मनात कोणती शिवी दिली, म्हणजे त्यांना वाटत होतं मनातल्या मनात, तेही.

व्यंकटरावांच्या पत्नी पद्मजाबाई आणि कस्तुराबाई दुपारी ओसरीवर एकत्र पापड लाटत. व्यंकटरावांनी दोन आणि दोन चार केले. त्यांनी घरात बोलणं कमी केलं. मग बायकोशी बोलणं कमी केलं. पद्मजाबाईंनी एकदा विचारलं, तुमचं काही दुखतंय का. त्यांनी सांगितलं, न्हाई. हा "न्हाई" सुद्धा सकाळी नळावर पोचला. बन्सीधररावांनी तब्येतीची चौकशी केली.

चैत्रात पद्मजाबाई भावाबरोबर पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेल्या. घर रिकामं झालं. व्यंकटरावांनी मग ओव्हरसियरच्या शिस्तीनं एक प्रयोग केला. भिंतीकडं तोंड करून, कुणीच नसताना, ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बदली मागावी म्हणतो मी. सेलूला."

दुसऱ्या दिवशी बन्सीधररावांनी नळावर हात जोडले.

"चाललात म्हणं आमाला सोडून सेलूला? कापसाचा गाव हाय, बरकत होईल."

म्हणजे बायको निर्दोष होती. व्यंकटरावांना आनंद व्हायला हवा होता. पण तीन महिने पोसलेला संशय असा एकाएकी रिकामा झाला की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यांनी तो लगेच भिंतीवर ठेवला.

घरांना छत होतं ते मांजरपाटाचं. वाशांखाली ताणून बसवलेलं, वर चुन्याचा हात दिलेला. खालून बघणाऱ्याला वाटावं गच्चीच आहे. व्यंकटरावांनी शिडी लावली, कोपऱ्यातले खिळे काढले आणि कापडाच्या वर डोकं घातलं.

वर अंधार असेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिथं लांबच लांब बोळ होता. घराघरांमधली भिंत कापडाच्या जरा वर येऊन थांबली होती आणि तिथून पत्र्यापर्यंत काही नव्हतं. माणूस सरपटत जाईल एवढी मोकळी जागा. सहाव्या घरातून पहिल्यापर्यंत आरपार दिसत होतं. मधल्या घरांची कापडं खालच्या उजेडानं पिवळी दिसत होती, तिसऱ्याचं छत तेवढं काळं. दुसऱ्या घरात कुणीतरी खोकलं, ते त्यांना शेजारी खोकल्यासारखं ऐकू आलं. बांधणाऱ्यानं भिंत तेवढीच बांधली होती जेवढी खालून दिसते. हिशेबी माणूस असणार.

आता दुसऱ्या कुणाचं लक्ष आवाजाकडंच राहिलं असतं. व्यंकटरावांचं नोकरीनं खराब झालेलं डोकं मात्र दुसरीकडं गेलं. भिंतीच्या माथ्यावर काजळी होती. नुसती धरलेली नव्हे, वाहत गेल्यासारखी, इकडून तिकडं. साऱ्या घरांच्या चुलींचा धूर कापडातून वर येत होता, पत्र्याला लागून या बोळातून फिरत होता आणि जिथं भिंत नाही तिथून पुढं जात होता. धूर जिथून जातो तिथून जाळ जातो. त्याला दार लागत नाही, कडी लागत नाही. वर जळमटांचे झुबके, वाळलेलं कापड, सुकलेले वासे. खाली माणसं स्वयंपाक करत बसतील आणि त्यांच्या डोक्यावरून आग शेजारी निघून जाईल.

ते खाली उतरले तेव्हा त्यांना पद्मजाबाईंची माफी मागायची होती. पद्मजाबाई आल्यावर त्यांनी फटीची गोष्ट सांगितली, काजळीची सांगितली, आवाजाचीही सांगितली. माफी राहून गेली. पद्मजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणून बोलत नव्हतात होय?" एवढंच. पण त्यानंतर पंधरा दिवस त्या स्वतःच कमी बोलल्या.

व्यंकटरावांनी लाईनीतल्या सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. समजावून सांगितलं की पाची भिंती पत्र्याला भिडवल्या पाहिजेत. खात्याकडं दरख्वास्त देतो, तुमी सह्या करा. लोकांनी ऐकलं. मग एकमेकांकडं बघितलं. तिसऱ्या घरातले महसुलातले कानूनगो म्हणाले, पन्नास वर्षांत कधी आग लागली नाही. पहिल्या घरातले गुरुजी म्हणाले, भिंत चढवली की उकाडा वाढेल. बन्सीधरराव उठताना कस्तुराबाईंना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "ज्याला झाकायचंय त्याला भिंत लागती. आमचं सगळं उघडं हाय."

लाईनीत तर्क सुरू झाले. ओव्हरसियराकडं असं काय आहे? कुणी म्हणालं खात्याचं सिमेंट. कुणी म्हणालं रझाकारांच्या वेळचं सोनं, कारण परभणीत ज्याच्याकडं काही नाही त्याच्याकडं ते असतंच. सही एकानंही केली नाही. सहीशिवाय गेलेली दरख्वास्त खात्यानं परत पाठवली : सदर भिंती अस्तित्वात आहेत. हे खरंच होतं. त्या होत्याच, फक्त थोड्या बुटक्या.

शेवटी व्यंकटरावांनी आपल्या आणि बन्सीधररावांच्या मधली एकच भिंत स्वतः चढवायची ठरवली. मुंजाजी गवंडी आला. पक्की वीट, चुन्याचा माल. भिंत पत्र्यापर्यंत नेली. पत्रा नालीदार, म्हणून भिंत भिडली तरी प्रत्येक नालीखाली हाताएवढं भोक राहतं. मुंजाजीला ती भोकं हवेसाठी बरी वाटत होती. व्यंकटरावांनी ती विटांचे तुकडे आणि चुना ठासून एकेक करून बुजवून घेतली. वाशांची टोकं भिंतीवरच एकमेकांना भेटत होती, त्या टोकांच्या मधे वीट घातली आणि भोवती माल दाबला.

काम झालं असं समजून मुंजाजी थापी धुवायला निघाला. व्यंकटरावांनी त्याला बाहेर नेलं आणि वळचण दाखवली. पत्रा बाहेरच्या भिंतीच्या पुढं हातभर येत होता आणि त्याच्याखाली सहाही घरांना सलग फळ्या मारलेल्या होत्या. फळी आणि पत्रा यांच्यामधे पुन्हा तीच पोकळी. आतली भिंत कितीही उंच केली तरी जाळ बाहेरच्या भिंतीवरून या पोकळीत उतरणार, वळसा घालून पलीकडं जाणार आणि पुन्हा आत शिरणार. व्यंकटरावांनी दोन्ही बाजूंच्या वळचणीतली फळी भिंतीच्या रेषेवर कापून घेतली आणि तिथंही वीट-चुना भरून घेतला.

मुंजाजीनं केलं सगळं. जाताना मात्र तो पद्मजाबाईंना म्हणाला, "बाई, साहेबाला कुनी कायी केलंय का? वळचणीला भिंत घालायलेत."

भिंत झाल्यावर पाचव्या घरात फार शांतता झाली. बन्सीधररावांना सकाळी नळावर काही बोलायला उरेना. ते व्यंकटरावांकडं अशा नजरेनं बघू लागले, जशी नजर पेपर बंद झालेल्या माणसाची असते. आणि जे ऐकू येत नाही ते नक्कीच भयंकर असतं, या नियमानं त्यांनी व्यंकटरावांबद्दल मनाशी बरंच काही ठरवून टाकलं.

वैशाखात, भर दुपारी, दुसऱ्या घरात आग लागली. तिथं नक्कलनवीस राहत होते. त्यांच्या घरात कुरडया तळणं चालू होतं, कढईतल्या तेलानं पेट घेतला, कुणीतरी त्यावर पाणी टाकलं आणि जाळ थेट कापडाला जाऊन भिडला. पद्मजाबाई घरी होत्या. व्यंकटराव पिंगळीच्या रस्त्यावर खडी मोजून घेत होते.

लाईनीनं जे बघितलं ते असं. दुसरं घर पेटलं. लोक बादल्या घेऊन तिकडं धावले. तिसऱ्या घरात काहीच नव्हतं, कानूनगो दारात उभे राहून सामान काढावं की नको याचा विचार करत होते. आणि तेवढ्यात पाचव्या घरातून कस्तुराबाई ओरडत बाहेर आल्या, कारण त्यांच्या देवघरावर पेटलेलं कापड पडलं होतं. मग चौथं घर. मग पहिलं. तिसरं शेवटी. जीव कुणाचा गेला नाही. दुपार होती आणि लोक बाहेरच होते. संध्याकाळपर्यंत पाच घरांचा पत्रा वाकून खाली आला होता.

सहावं घर उभं होतं. पद्मजाबाईंनी चूल विझवून ठेवली होती, भांडी बाहेर काढली होती, ती पुन्हा आत ठेवली.

व्यंकटराव सायकलवरून परतले तेव्हा लोक जळक्या लाईनीसमोर उभे होते. त्यांनी रस्ता करून दिला. कुणी काही म्हणालं नाही. एवढ्या माणसांनी काहीच न म्हणणं व्यंकटरावांना बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जबान्या सुरू झाल्या. नवे तहसीलदार तिकडचे, पुण्याकडले. त्यांना इकडची माणसं अजून सारखीच दिसत होती आणि सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय होता. ही समता व्यंकटरावांच्या बाबतीत टिकली नाही. दुसरं घर पेटलं आणि मधली दोन सोडून पाचवं पेटलं, म्हणजे आग दोन ठिकाणी लागली. दोन ठिकाणी लागते ती लावलेली असते. आग लागणार हे एकाच माणसाला आधी ठाऊक होतं आणि त्यानं ते ओसरीवर बसवून सगळ्यांना सांगितलंही होतं. त्यानंच भिंत घातली. त्याचंच घर वाचलं. आणि नेमका तोच त्या दिवशी गावात नव्हता. गावात असता तर, अर्थात, नेमका तोच गावात होता असं म्हटलं गेलं असतं.

बन्सीधररावांची जबानी लांबली. ओव्हरसियर महिनाभर घरात एक शब्द बोलत नव्हता, असं त्यांनी सांगितलं. बोलत असल्याचं आपल्याला का ऐकू येत नव्हतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

व्यंकटरावांना कामावरून थांबवलं आणि गाव सोडायचं नाही असं बजावलं. पोलीस चौकीवर दोनदा बोलावणं आलं. नोकरी जाणार होती. जेल होण्याचंही बोलणं चालू होतं. बाजारात जी भाजीवाली त्यांना उधारी द्यायला कधीच नाही म्हणत नसे, ती म्हणाली, साहेब, आज भाजीच न्हाई. समोर वांग्याचा ढीग होता.

घरी येऊन ते बसले. पद्मजाबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला.

"कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आपण केलं न्हाई ते आपणच केलं असं सगळे म्हणायलेत, तवा?"

व्यंकटरावांना उत्तर येत होतं. तीन महिन्यांची राहिलेली माफी त्यांनी तिथंच, पाणी न पिता, मागून टाकली. पद्मजाबाईंनी ती घेतली की नाही हे कळलं नाही. त्या म्हणाल्या, "आग कुठून गेली ते सांगून कुणी ऐकणार न्हाई. दाखवा. ही लाईन जळाली. दुसरी हाय की उभी."

दुसरी लाईन तशीच बांधलेली होती, त्याच हिशेबी माणसानं. व्यंकटरावांनी तहसीलदारांना विनंती केली की एक तास द्या. तहसीलदारांनी त्यातही काही डाव असेल म्हणून दोन पोलीस बरोबर घेतले आणि तास दिला.

आधी त्यांनी जळकी लाईन दाखवली. पाचव्या आणि सहाव्या घरामधली भिंत. पाचव्याच्या बाजूनं ती माथ्यापर्यंत काळी, चुना उडालेला. सहाव्याच्या बाजूनं पांढरी, फक्त पत्र्यालगतची जळमटं करपून गेलेली, कारण पत्रा तापला होता. वळचणीतली फळी विटेपर्यंत जळत आली होती आणि विटेशी कोळसा होऊन थांबली होती. पलीकडची फळी शाबूत होती. मग कानूनगोंच्या तिसऱ्या घराबद्दल सांगितलं : त्यांनी कापडाच्या जागी पत्र्याचं छत ठोकलं होतं. आग त्यांच्या डोक्यावरून जाताना त्यांना दिसली नाही, एवढंच. ती घर टाळून गेली नव्हती, वरून गेली होती; चौथ्यावरूनही तशीच, आणि नवी भिंत आडवी आल्यावर पाचव्यात खाली उतरली.

तहसीलदार म्हणाले, "हे तुम्ही म्हणताय."

मग सगळे दुसऱ्या लाईनीत गेले. पहिल्या घरात शिपाई आसारामला शेगडी देऊन बसवलं. निखाऱ्यावर ओला कडुलिंबाचा पाला. शेगडीच्या वरचं कापड एका कोपऱ्यात सोडवलं, दारं-खिडक्या लावून घेतल्या. तहसीलदार, दोन पोलीस, बन्सीधरराव आणि व्यंकटराव सहाव्या घरात जाऊन बसले. तिथंही दारं लावली. चूल विझलेली होती, ती पोलिसानं हात घालून बघितली.

बराच वेळ काही झालं नाही. तहसीलदारांनी घड्याळ काढलं. बन्सीधररावांनी घसा साफ केला. मग कापडाच्या शिवणीतून धुराची एक बारीक रेघ खाली आली. मग कडेकडेनं सगळीकडून. खोलीत लिंबाचा कडू वास भरला.

आणि धुराबरोबर, वरून, अगदी कानाशी बोलावं तसा आसारामचा आवाज आला. तो शेगडीपाशी कुणाला तरी सांगत होता, "ह्यो नवा तहसीलदार लय शाना हाय. घर जळालं तिकडं, अन् मला धुरात बसिवलंय इकडं. ह्याच्या बापानं कधी कुरडी तळलेली बघितली असंल का?"

तहसीलदार वर बघत होते. पोलीस जमिनीकडं बघत होते. तहसीलदारांनी डोळे पुसले, धुरानंच असणार, आणि नजर बन्सीधररावांकडं वळवली.

"तुमच्या लाईनीत असंच ऐकू येत होतं?"

बन्सीधरराव धुरामुळं खोकले. पुष्कळ खोकले. सगळं खोकून संपल्यावरही तहसीलदार तसेच बघत होते.

"थोडं थोडं," ते म्हणाले.

"आणि यांनी भिंती चढवायला सही मागितली होती?"

"मागितली होती."

"का नाही केली?"

या प्रश्नावर मोठे मोठे वकील अडखळले असते. बन्सीधररावांनी शेवटी मान खाली घातली. "आमाला वाटलं, ह्यांना काही झाकायचं असंल," ते म्हणाले. मग, कुणीही विचारलं नसताना, पुढं म्हणाले, "अन् करमत न्हवतं साहेब. संध्याकाळी दुसरं हाय काय इथं."

व्यंकटरावांवरचा ठपका निघाला. कामावर घेतलं. सगळ्या सरकारी लाईनींच्या भिंती पत्र्याला भिडवाव्यात, नाल्या ठासाव्यात, वळचणी तोडाव्यात असा हुकूम निघाला आणि त्या कामावर देखरेखीला व्यंकटरावांनाच नेमलं. दुसऱ्या लाईनीतल्या लोकांनी काम सुरू होताच तक्रार केली की गवंडी वर चढून घरात बघतात. आसारामची बदली गंगाखेडला झाली. नियमित बदली होती.

बन्सीधररावांना दुसरं घर मिळेपर्यंत राहायला जागा नव्हती. पद्मजाबाईंनी कस्तुराबाईंना आपल्याकडं बोलावलं, विचारलंही नाही व्यंकटरावांना. पुढची खोली त्यांना दिली. आगीतून वाचलेलं त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक आणि देव. देव पद्मजाबाईंच्या देव्हाऱ्यात ठेवले. दोघी पूर्वीसारख्या पापड लाटायला बसल्या.

पहिल्या संध्याकाळी दोघं गृहस्थ ओसरीवर बसले. समोर काळी लाईन होती. बन्सीधररावांनी पान जमवलं, व्यंकटरावांना दिलं, स्वतः खाल्लं. मग आवाज खाली आणून, आपल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "झालं ते झालं. साहेबानं सोडलं, चांगलं झालं. पण आता खरं सांगा. आग लागणार हे तुमाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं," व्यंकटराव म्हणाले. "जाळाला वाट होती, एवढंच दिसलं होतं. लागेल अशी शंका होती."

"शंका," बन्सीधरराव म्हणाले. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि समजुतीनं, हळूहळू मान हलवली. "तेच म्हणतो मी."

आत जाऊन त्यांनी आपली ट्रंक भिंतीपासून ओढली आणि पटकन बाहेर काढता येईल अशी बाहेरच्या दाराजवळ आणून ठेवली.